त्याच्या चढाईला आम्ही काय ओरडलो

कबड्डीत प्रेक्षक खेळाडूच्या फार जवळ असतो. आमच्या गावच्या मैदानावर तर चुन्याची रेघ आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचे गुडघे यांच्यात एक दोर, एवढंच अंतर. त्यामुळे आमच्याकडे कबड्डी बघायला कुणी येत नाही, खेळायलाच येतात. सात जण आत आणि बाकी गाव दोराबाहेर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामना असायचा. नेकनूर, मांजरसुंबा, केज, शिरूर कासार, कुठूनकुठून संघ यायचे. त्या वर्षी आमच्या संघासमोर बाहेरगावचा एक संघ होता आणि त्या संघात तो होता. नाव लिहिणार नाही. वीस-एकवीस वर्षांचा, उंचीने बेताचा, पण पाय असे की बोनस रेषेवर तवंग सरकावा तसा सरकायचा आणि पकडणाऱ्याच्या हातात फक्त वारा यायचा. उपांत्य सामन्यात त्याने एकट्याने समोरच्यांवर दोन वेळा लोण चढवला होता. समोरचा अख्खा संघ बाद म्हणजे लोण, आणि तो एकाच माणसाने एकाच सामन्यात दोनदा चढवणं आमच्या मैदानावर कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच्यासाठी तो सामना नुसता करंडकाचा नव्हता. जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडणारे दोघे गुणलेखकाच्या टेबलाशेजारी खुर्च्या टाकून बसले होते. निवड झाली की दिवाळीनंतर सराव शिबिर, राहणं-खाणं तिथंच. नाही झाली तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला, पश्चिमेकडच्या फडात. हे गुपित नव्हतं. समालोचन करणाऱ्या गुरुजींनी माईकवरूनच सांगितलं होतं, "आज या पोराची परीक्षा हाय, मंडळी. फड का मैदान, ते आज ठरणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या लोकांनीसुद्धा.

मी तेव्हा अंबाजोगाईला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. आमच्या संघाच्या घोषणा मी करायचे. हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. माझे वडील तोडकामगारांच्या चळवळीत होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची, बोटाला शाई लागणारी. 'बंधूंनो आणि भगिनींनो' ही मी जुळवून वाचलेली पहिली ओळ. मोर्चात मला खांद्यावर घेऊन वडील घोषणा द्यायचे, म्हणून घोषणा कशी बांधतात ते मला शाळेआधी कळलं. एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. ओळ दर वेळी बदलली तरी चालते, उत्तर बदलायचं नाही. मागच्या रांगेतल्याला ओळ ऐकू येत नाही, त्याला फक्त हलगी ऐकू येते आणि आपली पाळी कळते. तो उत्तर देतो. घोषणेची सगळी ताकद या मागच्या माणसात असते, कारण तो न ऐकता ओरडतो.

हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने म्हणायचे.

त्या सामन्यासाठी मी एकच उत्तर ठेवलं होतं, 'हवा गेली, हवा गेली!' ओळ द्यायला माझा चुलतभाऊ. त्याच्या गळ्यात हलगी आणि आवाज असा की तालुक्याच्या गावीही ऐकू जावा. मी त्याला सांगितलं होतं, "तो मैदानात काय करतो तेवढ्यावरच बोलायचं. जे करत न्हाई त्यावर न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे त्याची सवय, त्याचा खेळ. त्याचं घर न्हाई, जात न्हाई, रंग न्हाई."

"तू लई नियम लावतीस बग," तो म्हणाला. "टिंगल हाय, ग्रामसभा न्हाई."

पण त्याने ऐकलं. सुरुवात फार छान झाली. त्या खेळाडूची एक सवय होती. बोनस रेष ओलांडली, एक गुण मिळाला, की तो लगेच माघारी. कुणाला हात लावायच्या फंदात पडायचा नाही. चुलतभाऊ ओरडला, "बोनस घेऊन पळाला ऽऽ" आणि तीनशे माणसं, "हवा गेली, हवा गेली!" पुढच्या चढाईआधी त्याने दोन्ही तळवे चड्डीला पुसले. "पोराला घाम फुटला ऽऽ" "हवा गेली, हवा गेली!" त्याला हसू आलं. मी पाहिलं ते. त्याने मान खाली घातली, पण गाल हसत होते. मग तो आत शिरला, आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या पंजाला पाय लावून मध्यरेषेवर आला आणि आमच्याकडे तोंड करून कानाला हात लावून उभा राहिला. जणू विचारत होता, काय म्हणत होता तुमी? आता म्हणा की!

आमची सगळी बाजू हसली. एक म्हातारा म्हणाला, "बेणं भारी हाय." चुलतभावाने हलगीवर दोन थापा जास्त मारल्या, त्याला दाद म्हणून. टिंगल अशी असते. समोरच्याला तिचं उत्तर देता येतं, आणि त्याने ते दिलं की तुम्हालाच मजा येते. तो आणि आम्ही मिळून काहीतरी खेळत होतो.

शाळेच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात त्याची आईही होती. संघाच्या टेम्पोतून पोराचा खेळ बघायला आलेली एकटीच बाई. आमच्या बायकांनी तिला सरकून जागा दिली, चहा दिला. मी मध्यंतरात तिथं पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांचं बोलणं चाललं होतं ते आमच्याकडच्या बायका दोघी भेटल्या की चालतं तेच. किती वर्षं फडाला जाता, कोणत्या कारखान्याला, मुकादम कसा आहे.

"मला आता मोळी उचलवत न्हाई," त्याची आई म्हणाली. "गर्भाची पिशवी काढल्यापून कंबर धरती."

"माझीबी काढलीय की," आमच्यातली एक म्हणाली. "त्या कोपऱ्यातलीचीबी. तुमची कोणत्या साली?"

"हा खेळतोय तो चौथीत व्हता तवा. त्याला म्हणलं आतड्याचं आप्रेशन हाय. पोराला काय सांगायचं?"

सगळ्या हसल्या. पोटात दुखत असताना हसतात तसं. माझ्या शेजारी माझा चुलतभाऊ माठातून पेल्याने पाणी घेत होता.

उत्तरार्धात आमचा संघ मागे पडला. पाच गुणांनी, मग आठ. गाव हरायला लागलं की त्याचा आवाज बदलतो. आधी उतावीळपणा आला. तो चढाईला आला की लोक मोठ्याने सेकंद मोजायला लागले, पण खोटे, भरभर. चढाई तीस सेकंदांची असते. आमची माणसं वीसव्यालाच तीस म्हणायची, म्हणजे तो घाबरून परत फिरावा. मग कुणीतरी गर्दीतून शिट्टी मारली, हुबेहूब पंचासारखी. तो थबकला आणि आमच्या तिघांनी त्याला मांडीला धरून खाली घेतलं. पंचांनी दोन्ही हात हलवून ती चढाई रद्द केली, शिट्टी कोणाची ते विचारलं. कुणी सांगितलं नाही. पंचांनी आमच्या कप्तानाला बोलावून समज दिली. ही टिंगल नव्हती, ही लबाडी होती, पण निदान खेळाच्या आतली लबाडी होती. तिला शिक्षा होती आणि ती देणारा माणूस मैदानात उभा होता.

त्यानंतर चुलतभावाने पहिल्यांदा नियम मोडला. "कोयता घेऊन चल फडात ऽऽ" लोकांनी उत्तर दिलं. मी त्याचा दंड धरला.

"हे कावून?"

"अगं आपनबी जातोच की फडात. माझा बाप जातो, तुझा मामा जातो. आपल्याला आपल्यातलं म्हणलं तर काय बिगडतं?"

"त्याची निवड आज हाय. तू त्याला फडात पाठवतोस."

"पाठवतोय का मी? ओरडतोय. गप बे तू," तो मलाच बे म्हणाला, जसं तो पोरांना म्हणायचा, आणि हलगी वाजवायला लागला.

मी दंड सोडला. आपल्यातल्याने आपल्यातल्याला म्हटलं तर ते लागत नाही, असं आमच्याकडे खरंच मानतात. मीही थोडं मानत होते. पण आजूबाजूला हसू विरळ झालं होतं. ज्यांच्या घरात कोयता होता त्यांचं.

दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. त्याची ती तिसरी चढाई होती. आमचे चारच गडी मैदानात, पण साखळी करून उभे. निवड करणारे दोघे पुढं झुकून बसले. तो मध्यरेषेवर वाकला, जमिनीला हात लावला, श्वास भरला. आणि चुलतभाऊ ओरडला,

"आईची पिशवी काढली ऽऽ"

"हवा गेली, हवा गेली!"

उत्तर तितकंच जोरात आलं. मागच्यांनी ओळ ऐकलीच नव्हती. त्यांना हलगी ऐकू आली आणि त्यांची पाळी कळली. पुढच्या दोन रांगा मात्र गप्प झाल्या, आणि ओसरीवरचं जे बघितलं ते मला विसरता येत नाही. आमच्याच बायका, थोड्या वेळापूर्वी 'हवा गेली' म्हणून टाळ्या पिटणाऱ्या, एका क्षणात सगळ्यांचे हात मांडीवर आले. चुलतभावाने दुसऱ्यांदा तीच ओळ दिली. मागून पुन्हा तेच उत्तर.

इथे ती रेघ होती, आणि ती रेघ मला तेव्हा जेवढी स्वच्छ दिसली तेवढी आजही दिसते. त्या ओळीला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कानाला हात लावून उभं राहण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो मैदानात काय करतो याच्याशी तिचा संबंध नव्हता. आणि ती ज्या बाईबद्दल होती ती खेळतच नव्हती.

मैदानात त्याची चढाई चालूच होती. तो बोनस रेषेपर्यंत गेला, साखळी उघडल्यासारखी झाली, त्याने उजव्या कोपऱ्यातल्याच्या मनगटाला बोट लावलं आणि उडी मारून मध्यरेष गाठली. गुण. पंचांनी शिट्टी दिली, वेळ थांबवली आणि ते आयोजकांच्या टेबलाकडे चालू लागले. आमचा कप्तान दोन्ही हात वर करून स्वतःच्या लोकांकडे पळत येत होता, "बंद करा, ए, बंद करा ते!" हे सगळं चालू होतं. म्हणजे जे व्हायला हवं ते होत होतं. पंचांनी खेळ थांबवून आयोजकांना सांगायचं, आयोजकांनी ती बाजू दोरापासून मागं न्यायची, हलगी बंद करायची, ऐकलं नाही तर सामना तिथंच संपवायचा. हे सगळं पंचांना माहीत होतं. त्यांना माझी गरज नव्हती.

पण मी त्यांच्याआधी टेबलापाशी पोचले आणि गुरुजींच्या हातातला माईक घेतला.

मला वाटतं मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणाले. मी म्हणाले की लाज वाटायला हवी. मी म्हणाले, "आत्ता इथं या खेळाडूच्या आईची टिंगल झाली. तिची पिशवी काढली म्हणून. ती माउली तिथं ओसरीवर बसलीय." मी हात केला. मी म्हणाले की या जिल्ह्यात किती बायकांची पिशवी काढली गेली, पाळीमुळं फडात खाडा पडू नये, एकही दिवस काम बुडू नये म्हणून, आणि ती कुणी काढायला लावली, आणि आपण त्यावर हवा गेली म्हणून ओरडतो. मी म्हणाले की ही बाई एकटी नाही, ही तुमची आई आहे. माझा आवाज चांगला आहे. चार कर्णे होते, चार दिशांना बांधलेले. वाक्यं एकामागून एक येत होती, त्यांना मला शोधावं लागत नव्हतं, लहानपणापासून ती माझ्या बोटांना लागलेलीच होती. पहिल्या रांगेतल्या एका तरण्या पोराने टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी. मला वाटलं, जिंकलो.

मग मी मैदानाकडे पाहिलं. तो मध्यरेषेवर उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, गर्दीकडेही नाही. माझा हात जिकडे होता तिकडे, ओसरीकडे बघत होता. आणि त्याच्या आईने पदर असा ओढून घेतला होता की तिचा चेहरा कुणाला दिसू नये. तिच्या शेजारच्या बाईने तिच्यापुढं स्वतःचं अंग केलं होतं, आडोसा म्हणून. कुणापासून आडोसा? माझ्यापासून.

पंचांनी माझ्या हातातून माईक घेतला, हळूच. "बाई, आमी करतच होतो," एवढंच म्हणाले. आमची माणसं दहा पावलं मागं गेली. चुलतभावाने हलगी काढून ठेवली. सामना पुन्हा सुरू झाला. पूर्ण शांततेत.

त्या शांततेत तो हरला. पुढच्या चढाईला तो सरळ साखळीत चालत गेल्यासारखा गेला आणि धरला गेला. पुन्हा आत आला तेव्हा त्याचा 'कबड्डी कबड्डी' मधेच तुटला, पंचांनी दम तुटला म्हणून बाद दिलं. आमच्या संघाने गुण भरून काढले. शेवटी करंडक आमचा. आमच्या कप्तानाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच खाली ठेवला.

मी निवड करणाऱ्यांकडे गेले. मी त्यांना सांगितलं की जे घडलं ते लक्षात घ्या, त्याचा पूर्वार्ध बघा, कालचा सामना बघा. त्यातले एक जण सभ्य होते. म्हणाले, "पोरगं गुणी हाय. पण मोठ्या मैदानावर याहून वाईट ऐकावं लागतं. तिथं कोण माईक घेणार?" मी वाद घातला. शिवीगाळ सोसणं ही पात्रता कशी, असं मी विचारलं, आणि तो प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. पण मी बोलत असताना ते त्यांच्या खुर्च्या उचलत होते.

टेम्पो निघायच्या तयारीत होता. पोरं हौद्यात बसली होती, तो मागच्या फळीवर, पाय सोडून. त्याच्या आईला पुढं, ड्रायव्हरजवळ जागा दिली होती. मी तिच्याकडे आधी गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "मावशी, ते असं बोलले म्हणून मला राहवलं न्हाई."

"तुझं मन साफ हाय, माय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "त्यांनी म्हणलं ते वाऱ्यावर गेलं असतं. मला का ते लागलं न्हाई? लागलं. पर मी म्हणलं, पोरानं ऐकलं न्हाई, झालं तर." मग म्हणाली, "आता घरी गेल्यावर तो मला इचारंल. त्याच्या बापाला इचारंल, कावून काढली. काय सांगायचं?"

मागं त्याच्याकडे गेले तर तो उडी मारून खाली उतरला. मला वाटलं रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"ताई, एक सांगा," तो म्हणाला. "ते आधीपासून ओरडत व्हते का?"

"दोनदा. तुला ऐकू आलं न्हाई?"

"चढाईत काय ऐकू येतंय? आपला दम ऐकू येतो आणि पंच. लोक ओरडतात ते कळतं, काय ते न्हाई कळत." मग त्याने खाली बघत विचारलं, "फडाचं खरंय? खाडा पडू नये म्हणून काढत्यात?"

याचं उत्तर मी शंभर वेळा दिलं होतं. सभांमध्ये, वादांमध्ये, महाविद्यालयाच्या नियतकालिकात. त्याच्यासमोर मात्र मी म्हणाले, "आईला विचार. माझ्याकडून नको."

"तुमच्याकडूनच तर कळलं," तो म्हणाला. ते टोचून म्हणाला नाही. नुसतं जे झालं ते म्हणाला, आणि फळीवर चढला.

जिल्ह्याच्या संघात तो नव्हता. दिवाळीनंतर तो फडाला गेला, हे त्यांच्या संघातल्या एकाकडून कळलं. माझ्या चुलतभावाने त्याचा फोन नंबर मिळवून त्याला फोन केला होता, माफीसाठी. तो म्हणाला म्हणे, "तू टिंगल भारी करतोस. पहिलीवाली." चुलतभाऊ मला हे सांगताना रडला, आणि मी त्याला धीर दिला नाही. त्याने जे केलं त्याला धीर देण्यासारखं काही नव्हतं, आणि मी जे केलं ते त्याच्या शेजारी उभं होतं.

ती ओळ थांबायलाच हवी होती, यावर मी एक पाऊलही मागं घेणार नाही. गर्दीत सगळेच म्हणतात, कुणा एकाचा काय दोष, हे मला मान्य नाही. पहिल्यांदा ती ओळ देणारा एक माणूस असतो. तिच्यावर न ऐकता ओरडणाऱ्याचाही वाटा असतो. पण थांबवणाराही कधीकधी त्याच बाईला हातात धरून हलवतो, तिला न विचारता, मोठ्या कामासाठी. मला माईक नको होता. ओसरीवर जाऊन तिच्या आणि मैदानाच्या मधे उभं राहायला हवं होतं, शेजारची बाई उभी राहिली तशी.

हे लिहायच्या आधी मी त्यांच्या गावी जाऊन त्याच्या आईला विचारलं. चालेल का, असं. ती पाणी भरत होती. म्हणाली, "नाव लिहू नको, गावबी लिहू नको. मग लिही. कुणाला कळणार हाय कोणाची आई? अशा किती तरी हाय." मी तिला घागर उचलू लागले, तर म्हणाली, राहू दे, कंबर धरली तर पोराला हाक मारीन. तो आतच होता. बाहेर आला नाही.